मेलबॉक्स भरत आलाय, तर काय काढायचं

मेहकरच्या एका पतसंस्थेच्या मुख्य कार्यालयात मी बरीच वर्षं संगणकांचं काम बघतो. सर्व्हर, शाखांची कनेक्शनं, प्रिंटर, बॅकअप, पासवर्ड, सगळंच. या कामात लिहायची वेळ फारशी येत नाही. पण एक चिठ्ठी मी वर्षानुवर्षं पुन्हापुन्हा लिहीत आलो, आणि दर वेळी तिच्यातली एखादी ओळ बदलत गेलो. कर्मचाऱ्यांचा मेलबॉक्स भरत आला की त्यांना द्यायची ती चिठ्ठी.

मी रुजू झालो तेव्हा तिचा मजकूर आधीच ठरलेला होता: ‘आपला मेलबॉक्स भरत आला आहे. कृपया अनावश्यक मेल काढून टाकावेत.’ यात चुकीचं काही नाही. पण कर्ज विभागात बसलेल्या माणसाला यातून नेमकं काय करायचं ते कळत नाही. अनावश्यक कोणतं? काढायचं म्हणजे कुठून? काढल्यावर जागा झाली हे कशावरून समजायचं? ज्याच्यासमोर मार्चअखेरची कामं पडलीत, तो ही चिठ्ठी वाचून बाजूला ठेवतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

आमच्याकडे प्रत्येकाला पाच जीबी जागा आहे. 80 टक्के भरली की सर्व्हर एक सूचना पाठवतो, 95 टक्क्यांना दुसरी. सर्व्हरवर डव्हकॉट नावाची प्रणाली आहे. तिच्यात हे असं लिहिलेलं असतं:

```
plugin {
  quota_rule = *:storage=5G
  quota_rule2 = Trash:storage=+100M
  quota_warning = storage=95%% quota-warning 95 %u
  quota_warning2 = storage=80%% quota-warning 80 %u
}
```

या सूचनेची एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. ती रोज येत नाही. भरणा 80 टक्क्यांची रेघ ओलांडून वर जातो त्या क्षणी एकदा येते, मग 95 ची रेघ ओलांडताना एकदा. मधल्या काळात सर्व्हर गप्प असतो. ‘मागच्या महिन्यात मेल आला होता, नंतर काही आला नाही, म्हणजे झालं असेल ठीक,’ असं मला कितीतरी जणांनी सांगितलंय. नंतर सूचना आली नाही याचा अर्थ एवढाच की पुढची रेघ अजून ओलांडली गेली नाही. म्हणून मी सर्व्हरच्या सूचनेवर विसंबून राहात नाही. दर सोमवारी सगळ्यांचे आकडे काढतो आणि ज्यांचा भरणा 80 च्या वर आहे त्यांच्या टेबलावर कागदाची चिठ्ठी ठेवतो.

शंभर टक्के भरल्यावर काय होतं, हे लोकांना सांगितल्याशिवाय चिठ्ठीला वजन येत नाही, असा माझा अनुभव आहे. बॉक्स भरला तर फार तर नवीन मेल येणार नाहीत, मग बघू, असा सर्वसाधारण समज असतो. मला त्यातलं खरं गांभीर्य एका लेखापरीक्षणाच्या वेळी दिसलं. लेखापरीक्षकांच्या कार्यालयाकडून काही शेऱ्यांवर खुलासा मागणारं पत्र मेलने निघालं होतं. ते आमच्या एका अधिकाऱ्याच्या बॉक्सपर्यंत आलं आणि दारातूनच परत गेलं. परत जाताना सर्व्हरने पाठवणाऱ्याला हे कळवलं:

```
552 5.2.2 Quota exceeded (mailbox for user is full)
```

ही ओळ पाठवणाऱ्याला मिळते. ज्याचा बॉक्स भरलाय त्याला काहीच मिळत नाही. आमच्या अधिकाऱ्याच्या दृष्टीने त्या दिवशी पत्रच आलं नव्हतं. तिकडे ही इंग्रजी ओळ कुणीतरी काहीतरी तांत्रिक म्हणून सोडून दिली. खुलाशाची मुदत संपत आली तेव्हा फोन आला, ‘तुमच्याकडून उत्तर का नाही?’ आणि आमचे साहेब प्रामाणिकपणे म्हणाले की आम्हाला पत्रच नाही. दोघंही खरं बोलत होते.

त्यानंतर मी सर्व्हरवर एक नोंद बदलली. `quota_full_tempfail = yes` असं लिहिलं की सर्व्हर येणाऱ्या पत्राला थेट परत पाठवत नाही, ‘आत्ता जागा नाही, थोड्या वेळाने पुन्हा ये’ असं सांगतो. मग पत्र पोचवणारा मेल सर्व्हर ते रांगेत ठेवतो आणि पुन्हापुन्हा प्रयत्न करतो. पोस्टफिक्स या सर्रास वापरल्या जाणाऱ्या मेल सर्व्हरमध्ये ही मुदत, कुणी बदलली नसेल तर, पाच दिवसांची असते. तेवढ्यात आम्ही जागा करून दिली की पत्र आपोआप आत येतं.

पण याला दुसरी बाजू आहे आणि तीही नीट समजून घ्यायला हवी. पहिल्या पद्धतीत पाठवणाऱ्याला निदान लगेच कळत होतं की पत्र पोचलं नाही. दुसऱ्या पद्धतीत त्याला पाच दिवस काहीच कळत नाही, कारण उशीर होतोय ही सूचना पाठवायची सोय पोस्टफिक्समध्ये मुळात बंद असते. तो समजतो, पत्र पोचलं. म्हणून ही सोय सुरू करायची तर कुणीतरी रोज लॉग बघून, कुणाचं पत्र बाहेर ताटकळतंय ते शोधून, त्या माणसाला त्याच दिवशी फोन केला पाहिजे. मी रोज सकाळी आल्यावर पहिलं काम तेच करतो. जिथे लॉग बघणारं कुणी नाही तिथे पत्र लगेच परत गेलेलं बरं, असं माझं मत आहे.

दुसरा गोंधळ बाहेर जाणाऱ्या पत्रांचा. एका शाखेतून तक्रार आली की मेल जातच नाही. बघतो तर जिल्ह्याच्या ठिकाणी एका कार्यालयात त्यांचा एकच प्रस्ताव चार वेळा पोचला होता. झालं असं की पत्र पाठवणं आणि पाठवलेल्या पत्राची प्रत ‘सेंट’मध्ये ठेवणं, ही सर्व्हरच्या लेखी दोन निरनिराळी कामं आहेत. पत्र व्यवस्थित बाहेर पडत होतं. पण बॉक्स भरलेला असल्यामुळे प्रत ठेवता येत नव्हती, म्हणून पडद्यावर लाल चूक दिसत होती. ती बघून समोरच्या ताई पुन्हा ‘पाठवा’ दाबत होत्या. त्यांची कुठेच चूक नव्हती. पडद्यावर लाल दिसलं की कुणीही पुन्हा दाबणारच.

तिसरा प्रकार सगळ्यांत विचित्र वाटतो. बॉक्स पूर्ण भरला की त्यातलं काही काढताच येत नाही. मेल डिलीट केला की तो नाहीसा होत नाही, ‘ट्रॅश’मध्ये जातो, हे आता बऱ्याच जणांना माहीत असतं. पण तो ट्रॅशमध्ये जातो कसा? बऱ्याचदा आधी त्याची प्रत ट्रॅशमध्ये केली जाते आणि मग मूळ जागेवरचा मेल पुसला जातो. प्रत करायला जागा लागते, आणि जागाच नाही. म्हणून सर्व्हर नकार देतो, आणि माणूस म्हणतो, ‘भाऊ, डिलीट करून राहिलो, पण होऊनच नाही राहिलं.’ वर दिलेल्या नोंदींमधली दुसरी ओळ याच कारणासाठी आहे. तिने ट्रॅशला शंभर एमबी जास्तीची जागा मिळते, म्हणजे शेवटच्या क्षणीही काढता येईल एवढी फट राहते. ती ओळ नसेल तर थंडरबर्डमध्ये शिफ्ट दाबून डिलीट करायचं, मेल ट्रॅशला वळसा घालून थेट जातो. मात्र तो परत मिळत नाही. म्हणून शिफ्ट-डिलीट मी चिठ्ठीत कधीच लिहीत नाही, त्या माणसाशेजारी बसून करून घेतो.

आता मुख्य प्रश्न, काढायचं काय. याचं उत्तर मला कर्ज विभागातल्या एका सहकारी ताईंच्या बॉक्सने दाखवलं. त्यांचा भरणा 4.8 जीबीवर गेला होता, म्हणजे 96 टक्के. माझी चिठ्ठी त्यांनी मनावर घेतली. दोन दिवस, जेवणाची सुट्टीसुद्धा त्यात घालून, त्या एकेक मेल उघडून बघत होत्या आणि काढत होत्या. जाहिराती, सणांच्या शुभेच्छा, ‘मिळालं, धन्यवाद’ एवढंच लिहिलेली उत्तरं, बैठकीच्या जुन्या सूचना. सुमारे सहा हजार मेल काढले. मग माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, ‘सर, म्या एवढं सगळं उडवलं, पण आकडा जागचा हलला नाही.’

मी त्यांच्या शेजारी बसलो. आकडा हलला नव्हता याचं पहिलं कारण सोपं. सहाच्या सहा हजार मेल ट्रॅशमध्ये होते, आणि ट्रॅशही त्याच पाच जीबीत मोजला जातो. तो रिकामा केला. आता आकडा हलला, पण कितीसा? 96 वरून 94 च्या थोडा वर. दोन टक्केही नाहीत. ताईंचा चेहरा उतरला, कारण त्यांनी खरोखर मेहनत घेतली होती.

हिशेब करून बघितला तर यात नवल नाही. नुसत्या मजकुराचा मेल साधारण दहा ते वीस केबीचा असतो. पंधरा धरा. सहा हजार गुणिले पंधरा केबी, नव्वद हजार केबी, म्हणजे सुमारे नव्वद एमबी. पाच जीबीत नव्वद एमबी म्हणजे दोन टक्क्यांहून कमी. लिहिलेल्या शब्दांना जागाच लागत नाही. माणूस आयुष्यभर पत्रं लिहीत बसला तरी नुसत्या मजकुराने पाच जीबी भरणं कठीण.

मग मी त्यांच्या बॉक्समधली यादी तारखेऐवजी आकारानुसार लावली. ही गोष्ट बहुतेक मेल प्रोग्राममध्ये असते आणि फार थोडे लोक वापरतात. यादीच्या वर ‘आकार’ असा रकाना असतो, नसेल तर सेटिंगमध्ये जाऊन दिसता करायचा, त्यावर टिचकी मारली की सगळ्यांत जड मेल वर येतात. इनबॉक्स आणि सेंट मिळून वरचे तीनशे मेल बघितले. त्यांचं वजन 2.7 जीबी निघालं. ज्या बॉक्समधून सहा हजार मेल काढून काही झालं नव्हतं, त्यातले फक्त तीनशे मेल अर्ध्याहून जास्त जागा धरून बसले होते. आणि या तीनशेतले निम्म्याहून जास्त सेंटमध्ये होते. ताईंनी सेंट उघडूनच बघितलं नव्हतं. ‘ते तर गेलेले मेल आहेत ना?’ असं त्यांनी विचारलं. गेलेल्या मेलची प्रत आपल्याकडे राहते आणि ती आपल्याच कोट्यात मोजली जाते, हे बहुतेक कार्यालयांत कुणी कधी सांगितलेलंच नसतं.

त्या जड मेलमध्ये काय होतं ते एकेक उघडून बघितलं. जवळजवळ सगळे स्कॅन. कर्जप्रस्ताव, आधार, पॅन, सातबारा, आठ-अ, जामीनदारांचे कागद. एक प्रस्ताव तर तीनदा गेला होता. पहिल्यांदा पूर्ण संच, मग एका पानावर सही राहिली म्हणून पुन्हा पूर्ण संच, मग जामीनदाराचा फोटो बदलला म्हणून तिसऱ्यांदा पूर्ण संच. बदललेलं पान एकच, पण चाळीस-चाळीस पानं तीनदा पाठवलेली.

सातबाऱ्याचं उदाहरण मला विशेष सांगावंसं वाटतं, कारण आमच्या भागात प्रत्येक शेती कर्जाला तो लागतोच. शेतकरी महाभूमीच्या पोर्टलवरून डिजिटल सहीचा सातबारा उतरवून घेतो. ती पीडीएफ फाइल असते, हलकी असते, आणि सही त्या फाइलमध्येच असते. आमच्याकडे ती फाइल मोबाइलवर यायची, मग तिची प्रिंट निघायची, प्रिंटवर शिक्का बसायचा, आणि मग तो कागद रंगीत स्कॅन होऊन मेलला जोडला जायचा. फाइल कित्येक पटींनी जड झाली, आणि डिजिटल सही मात्र गेली. उरलं ते सहीचं चित्र. मूळ फाइल तशीच पुढे पाठवली असती तर ती हलकीही राहिली असती आणि तिची पडताळणीही करता आली असती. यात जागेपेक्षा सही गमावणं मला जास्त खटकतं. हे मी शाखांमध्ये जाऊन समोर दाखवलं तेव्हा पटलं. जानेफळकडच्या एका शेतकऱ्याने तर तिथेच मोबाइलवरून मूळ फाइल शाखाधिकाऱ्यांना पाठवून दिली.

जे कागद स्कॅन करावेच लागतात त्यांच्यासाठी स्कॅनरची सेटिंग बघितली. मुख्य कार्यालयातला स्कॅनर रंगीत आणि 600 डीपीआयवर लावलेला होता. कुणीतरी फोटोसाठी लावला असेल, तो तसाच राहिला. 600 ऐवजी 200 वर आणलं की कागदावरचे ठिपके लांबीत एक तृतीयांश आणि रुंदीतही एक तृतीयांश होतात, म्हणजे एकूण नऊपट कमी. छापील कागद 200 वर स्वच्छ वाचता येतो. करड्या रंगात घेतला तर ए-फोर पान साधारण दोन-तीनशे केबीत बसतं. अपवादही आहेत. जुना हस्तलिखित फेरफार, पुसट शिक्का, झिजलेली कार्बन प्रत असेल तर 300 लागतात, कधी रंगही लागतो, कारण निळी सही आणि काळा मजकूर वेगळा दिसला पाहिजे. मी स्कॅनरच्या बटणांवर दोनच पर्याय ठेवले, ‘छापील’ आणि ‘जुना कागद’. त्या दिवसापासून बॉक्स भरायचा वेग जेवढा उतरला तेवढा माझ्या कुठल्याही चिठ्ठीने उतरला नव्हता.

अटॅचमेंटबद्दल आणखी एक गोष्ट नेहमी विचारली जाते. ‘फाइल नऊ एमबीची आहे, मग मेल बारा एमबीचा कसा?’ मेलची जुनी व्यवस्था फक्त साधी अक्षरं वाहून नेण्यासाठी बांधलेली आहे. म्हणून जोडलेली कोणतीही फाइल आधी अक्षरांत बदलली जाते, आणि त्यात दर तीन बाइटचे चार होतात. सोयाबीनच्या पोत्याचं वजन बारदानासकट होतं, तसंच हे. नऊ एमबीची फाइल मेलमध्ये बारा एमबीच्याही थोडी वर जाते. ती कार्यालयातल्याच आठ जणांना पाठवली की आठ प्रती त्यांच्या बॉक्समध्ये आणि एक आपल्या सेंटमध्ये, अशा नऊ प्रती. एका नऊ एमबीच्या फाइलने शंभराहून जास्त एमबी खाल्ले, आणि ते सगळे एकाच भिंतीच्या आत बसलेले लोक. कार्यालयातल्या कार्यालयात फाइल द्यायची असेल तर ती सामायिक फोल्डरमध्ये ठेवायची आणि मेलमध्ये फक्त ती कुठे ठेवली ते लिहायचं, हा नियम आम्ही तेव्हापासून पाळतो.

ताईंच्या बॉक्सचं पुढे असं केलं. त्या थंडरबर्ड वापरत होत्या. त्यात अटॅचमेंटवर उजवी टिचकी मारली की ‘डिटॅच’ असा पर्याय येतो. तो फाइल संगणकावर वेगळी ठेवतो आणि मेलमधून काढून टाकतो, पण पत्र, तारीख, कुणी पाठवलं, हे सगळं जागच्या जागी राहतं. पतसंस्थेत हे फार महत्त्वाचं आहे. अमुक तारखेला अमुक कागद आम्ही मागितला होता, हे पुढे कधी दाखवावं लागलं तर पत्र हवं. कागद प्रस्तावाच्या फाइलीत असतोच. तीनशे मेलच्या अटॅचमेंट वर्षवार फोल्डरमध्ये काढल्या, ते फोल्डर आमच्या सामायिक ड्राइव्हवर ठेवले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी भरणा चाळीस टक्क्यांवर होता. एकही पत्र गेलं नव्हतं. ‘पहिल्यांदाच हे सांगितलं असतं तर सहा हजार वेळा बटण दाबायची पाळी आली नसती,’ असं त्या म्हणाल्या.

त्यानंतर मी चिठ्ठी नव्याने लिहिली. अजून तीच चालू आहे, ती अशी:

‘आपल्या मेलबॉक्सची जागा 80 टक्क्यांच्या वर भरली आहे. 100 टक्के झाल्यावर येणारी पत्रं बाहेर थांबतील आणि तुम्हाला ते कळणार नाही. आज एवढंच करा. सेंट उघडा, आकाराच्या रकान्यावर टिचकी मारा, वरच्या पन्नास मेलकडे बघा. ज्यांची फाइल सामायिक फोल्डरमध्ये किंवा प्रस्तावात आहे, त्यांची अटॅचमेंट काढा. मग हेच इनबॉक्समध्ये करा. शेवटी ट्रॅश रिकामा करा आणि खालच्या कोपऱ्यातला टक्क्यांचा आकडा बघा. छोटे मेल काढत बसू नका, त्याने जागा होत नाही. मंजुरीची पत्रं, लेखापरीक्षणाची पत्रं, न्यायालयाच्या आणि सहकार खात्याच्या नोटिसा काढू नका. शंका आली तर काढू नका, मला बोलवा. या चिठ्ठीत कुठलीही लिंक नाही आणि मी पासवर्ड विचारणार नाही.’

चिठ्ठीत सगळ्यांत जास्त बदल झाला तो शेवटच्या ओळीत. ती मुळात नव्हती. एका वर्षी आमच्याच धर्तीचा मेल अनेक जणांना आला: तुमचा मेलबॉक्स 98 टक्के भरला आहे, चोवीस तासांत बंद होईल, जागा वाढवण्यासाठी इथे टिचकी मारा. टिचकी मारली की हुबेहूब लॉगिनचं पान, आणि तिथे पासवर्ड टाकला की तो चोरांकडे. बॉक्स भरल्याची भीती सगळ्यांना असते म्हणून भामटे हाच विषय निवडतात. आमच्या एका सहकाऱ्याने पासवर्ड टाकायच्या आधी मला आवाज दिला, ‘भाऊ, तुम्हीच धाडला का हा?’ म्हणून निभावलं. खरा-खोटा ओळखायचा एक पक्का मार्ग मी सगळ्यांना दाखवून ठेवलाय. मेलमधला आकडा बघूच नका. नेहमीप्रमाणे स्वतः पत्ता टाकून वेबमेल उघडा, खालच्या कोपऱ्यात भरण्याची पट्टी असते, तिच्यावर माउस ठेवला की खरा आकडा दिसतो. तो चाळीस टक्के असेल आणि मेल 98 म्हणत असेल तर मेल खोटा. चिठ्ठी कागदावर देण्याचं एक कारण हेही आहे. कागदावर टिचकी मारता येत नाही.

शाखांमधले काही जण कार्यालयाच्या पत्त्याऐवजी स्वतःचं फुकट जीमेल वापरायचे. तिथे दुखणं निराळं निघतं. एका शाखाधिकाऱ्यांचं जीमेल भरलं, मेल येणं-जाणं थांबलं, आणि बघितलं तर मेल जेमतेम एक जीबीचे. उरलेली चौदा जीबी फोनमधल्या फोटोंनी आणि व्हिडिओंनी भरलेली. 2004 साली जीमेल एक जीबी घेऊन आलं तेव्हा इतर फुकट मेलमध्ये दोन-चार एमबी मिळत आणि रोज साफसफाई करावी लागे. त्या एका जीबीने ‘काही काढायची गरजच नाही’ ही सवय लागली. पुढे जागा पंधरा जीबीची झाली, पण ती मेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून. 1 जून 2021 पासून आकार कमी करून ठेवलेले नवे फोटोही त्यातच मोजले जाऊ लागले, आणि लग्नाच्या व्हिडिओने कर्जाच्या कागदांची वाट अडवायला सुरुवात केली. अशा वेळी मेल काढून काही होत नाही, आधी जागा कशाने धरलीय ते बघायचं. मेलच जड असतील तर शोधाच्या चौकटीत हे टाकलं की दोन वर्षांपूर्वीचे दहा एमबीच्या वरचे मेल समोर येतात:

```
has:attachment larger:10M older_than:2y
```

तिथे ‘आर्काइव्ह’ हे बटण दाबून समाधान मानणारेही भेटतात. मेल इनबॉक्समधून दिसेनासा होतो, पण जागेवरच असतो. फोल्डर करून त्यात मेल सरकवणाऱ्यांचंही तेच. बॉक्स आवरलेला दिसतो आणि आकडा तसाच राहतो.

काढलेल्या अटॅचमेंटचं ओझं मात्र माझ्याकडे येतं, हे सांगायला हवं. मेलबॉक्समध्ये असताना त्या सर्व्हरच्या बॅकअपमध्ये आपोआप जायच्या. डिटॅच करून एखाद्याच्या डेस्कटॉपवर ठेवल्या आणि उन्हाळ्यात त्या संगणकाची हार्डडिस्क गेली तर पत्र राहील आणि कागद जाईल. मेहकरात एप्रिल-मे महिन्यात वीज आणि उष्णता दोन्ही यंत्रांची परीक्षा बघतात. म्हणून डेस्कटॉपवर ठेवायला मी ठाम नकार देतो. फाइली सामायिक ड्राइव्हवरच जातात, त्याची प्रत दर शनिवारी दुसऱ्या डिस्कवर घेतो, आणि महिन्यातून एकदा त्या डिस्कवरची एखादी जुनी पीडीएफ उघडून बघतो, की ती खरोखर उघडते का. मागच्या खेपेला चार वर्षांपूर्वीचा एक जामीनदाराचा कागद उघडून बघितला. सही स्पष्ट वाचता येत होती.